दुसऱ्या हप्त्यावरचा अंगठा

सुट्टीच्या दिवशी आत्याला चार्ट करायला सांगणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या कानात थाळी वाजवण्यासारखं होतं. बिचारी आठवडाभर तेच करायची. मोठ्या हॉस्पिटलात नर्सांच्या ड्युट्या लावायचं काम तिच्याकडे होतं. कुणाला सकाळ, कुणाला रात्र, कुणाची साप्ताहिक सुट्टी कधी, कुणाच्या लग्नाला कोण जाणार आणि तिच्या जागी कोण उभं राहणार, सगळं तिच्या एका शीटमध्ये बसलेलं असायचं. त्यामुळे सुट्टी मिळाली की ती कॉम्प्युटरकडे पाठ करून बसायची आणि कुणी चौकटी, रकाने असले शब्द काढले तर अंगावर यायची.

पण बिट्टी तिची लाडकी भाची होती, आणि लाडक्या माणसांना असले कायदे लागू नसतात. सकाळी सकाळी पोरगी तिच्या दारात उभी राहिली, चेहरा असा की कुणी मारलंय का काय. म्हणाली, आत्या, उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे, अर्जात एकच कोर्स लिहायचा आहे, आणि बाबा म्हणतात ताईनं नीट मांडून दिलं तरच मी बघीन, तुझ्या चिटोऱ्यांवर माझा भरवसा नाही. आत्यानं दोन मिनिटं कुरकुर केली, तिसऱ्या मिनिटाला चपला घातल्या आणि लॅपटॉप काखोटीला मारून भावाच्या घरी निघाली.

भावाचं नाव घरात छोटू. आता हा छोटू पन्नाशीला टेकलेला, सहा फुटी, लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि त्याच्या मिशीकडे बघून अनोळखी माणूस जिन्यानं जाणं पसंत करील. पण ताईसाठी तो छोटूच. त्याची बायको मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायची. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिचा आवाज इतका शांत झाला होता की घरात आग लागली तरी ती म्हणाली असती, घाबरू नका, सावकाश बाहेर पडा.

भांडण काय होतं, तर बिट्टीला फर्निचर शिकायचं होतं. लाकूड ओळखायचं, खुर्चीचा पाय पाठीच्या कण्याला कसा सोसेल ते बघायचं, जोड मारायचे, रेखाटनं करायची, असला तीन वर्षांचा कोर्स होता कॉलेजात. दहावीपासून हिच्या डोक्यात तेच. घरातली प्रत्येक डुगडुगती खुर्ची तिनं उलटी करून झाली होती. छोटूचा त्याला विरोध नव्हता, हे लक्षात घ्या. त्याची फक्त एक अट होती. घराचा हप्ता, घरखर्च, सगळं वजा जाता तो दर वर्षी दीड लाख काढू शकत होता, त्यावर एक छदाम नाही. प्रवेशाची आणि डिपॉझिटची एकदाची रक्कम तो बाजूला ठेवलेल्या पैशातून देणार होता, त्याची चिंता नव्हती. पण दर वर्षीचा खर्च दीड लाखाच्या आत बसला तर फर्निचर, नाहीतर अन्नप्रक्रियेचा कोर्स किंवा कॉम्प्युटर. त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच बिट्टीला कळलं की इथे रडून उपयोग नाही.

आत्यानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि प्रॉस्पेक्टस मागितलं. बिट्टीनं फोन पुढे केला. प्रॉस्पेक्टस नव्हतंच. कॉलेजच्या खिडकीत एकच प्रत होती, दोरीनं बांधलेली, आणि मागे रांग ओरडत होती. बिट्टीनं उजव्या हातानं पान दाबून धरलं, डाव्या हातानं फोटो काढला आणि मागच्यानं ढकललं म्हणून बाजूला झाली. कॉलेजच्या साइटवर फीचं पान उघडत नव्हतं आणि आज ऑफिस बंद. म्हणजे सगळी भिस्त या एका फोटोवर.

आणि फोटो काय होता म्हणता. पान शिवणीपाशी फुगलेलं, त्यामुळे ओळी डावीकडे वर चढलेल्या. वरच्या बाजूला ट्यूबलाइटची अशी झळाळी की मथळ्यांमधल्या रेघा गायब. आणि उजवीकडच्या शेवटच्या रकान्यावर बिट्टीचा अंगठा, नखासकट, ऐटीत आडवा पडलेला. आत्या म्हणाली की एवढा सुंदर अंगठा तिनं आयुष्यात बघितला नाही, हा फ्रेम करून लावायला हवा. भावजय शांतपणे म्हणाली, ताई, आधी गाडी सुरू तर करा.

फोनला फोटोतला मजकूर उचलता येतो असं बिट्टीनं सुचवलं. उचलला. तर एका कोर्सची ट्यूशन फी दुसऱ्याच्या लायब्ररीला जाऊन चिकटली आणि सेहेचाळीस हजारांतल्या एका शून्याचं इंग्रजी ओ झालं. शीटला ते अक्षर वाटलं, आकडा नव्हे, म्हणून बेरजेनं त्याला चक्क वगळलं आणि फर्निचरचा खर्च इतका कमी दाखवला की बिट्टी खुर्चीवरून उठून नाचायला लागली. आत्यानं तिला खाली बसवलं. ते सगळं पुसलं आणि जुन्या पद्धतीनं सुरुवात केली: बिट्टीनं फोटोवर पट्टी धरून एकेक ओळ वाचायची, आत्यानं टाइप करायची आणि टाइप केलेलं परत वाचून दाखवायचं.

मथळे दोन मजली होते. वरच्या मजल्यावर तीनच शब्द, डावीकडून उजवीकडे: प्रति सत्र, वार्षिक, एकदाच. खालच्या मजल्यावर रकान्यांची नावं: ट्यूशन फी, परीक्षा फी, वर्कशॉप, लायब्ररी, साहित्य, प्रवेश, डिपॉझिट. त्यानंतर पहिला हप्ता, म्हणजे प्रवेशाच्या वेळी भरायची रक्कम. मग अंगठा. आत्यानं वरचे शब्द बघितले. ‘प्रति सत्र’ ट्यूशन आणि परीक्षेच्या डोक्यावर होतं, ‘वार्षिक’ लायब्ररीच्या डोक्यावर. वर्कशॉपच्या डोक्यावर काहीच नव्हतं, नुसती ट्यूबलाइट. आत्याच्या मनात शंकासुद्धा आली नाही. पहिले तीन रकाने प्रति सत्र, वर्षाला दोन सत्रं, म्हणून गुणिले दोन. पुढचे दोन वार्षिक. शेवटचे दोन एकदाच, ते वर्षाच्या बेरजेत धरायचेच नाहीत.

त्या शेवटच्या दोनवरून छोटूनं हुज्जत घातली. खिशातून गेला तो पैसा, मग तो बेरजेत का नाही? आत्यानं समजावलं की दहा हजार डिपॉझिट परत मिळणार आहे आणि पाच हजार प्रवेश फी तीन वर्षांत एकदाच आहे, ती दर वर्षात घुसवली तर तू तीनदा भरलीस असं दिसेल. छोटूला ते पटलं, पण पटल्याचं त्यानं तोंडावर दाखवलं नाही. भाऊ लोक असेच असतात.

मग आकडे आले. फर्निचरची ट्यूशन फी सगळ्यांत कमी निघाली, सेहेचाळीस हजार, तेव्हा बिट्टीनं वाचता वाचता आवाज वाढवला. अन्नप्रक्रियेची एकोणपन्नास, कॉम्प्युटरची बावन्न. परीक्षा सगळ्यांना अडीच. लायब्ररी सगळ्यांना दोन. पण मग वर्कशॉपचा रकाना आला आणि तिचा आवाज खाली गेला. कॉम्प्युटरला सहा हजार दोनशे, अन्नप्रक्रियेला बारा हजार आठशे, फर्निचरला तेवीस हजार सातशे. साहित्यात पुन्हा तीच गत: तीन, आठ आणि अठरा हजार.

आत्यानं सूत्र ओढून खाली नेलं. कॉम्प्युटर एक लाख सव्वीस हजार चारशे. अन्नप्रक्रिया एक लाख अडतीस हजार सहाशे. फर्निचर एक लाख चौसष्ट हजार चारशे.

आत्यानं मान खाली घातली आणि पडताळा घेतला, कारण पडताळा घेतल्याशिवाय तिनं आजवर एकही चार्ट भिंतीवर लावलेला नव्हता. एका सत्राचे पैसे, वार्षिक पैसे आणि एकदाचे पैसे मिळवले तर छापलेला पहिला हप्ता यायला हवा. फर्निचरचा आला एक लाख सात हजार दोनशे, आणि फोटोतही तोच. बाकीचे दोन्हीही तंतोतंत जुळले. म्हणजे टाइप करताना कुठेही चूक नव्हती. आत्याला आयुष्यात पहिल्यांदा बेरीज जुळल्याचं वाईट वाटलं. तिला मनापासून वाटलं की कुठेतरी आपलं घसरलेलं असावं.

छोटूनं चष्मा काढून शीटकडे बघितलं, मग घालून बघितलं. चौदा हजार चारशे जास्त. दर वर्षी. त्यानं बिट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोन घेऊन बाल्कनीत गेला. दार मागे ओढून घेतलं.

बिट्टी म्हणाली, ‘‘अन्नप्रक्रियापण चांगलंय, आत्या. लोक खायचं काही थांबवत नाहीत.’’

हे ती इतक्या समजूतदारपणे म्हणाली की आत्याला तिच्याकडे बघवेना. पोरीनं आदळआपट केली असती, दार आपटलं असतं, तर बरं वाटलं असतं. अठराव्या वर्षी एवढा शहाणपणा कुणी मागितला होता? भावजयीनं लेकीपुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्यातलं थोडं टेबलावर सांडलं, आणि जी बाई भर चौकात ब्रेक मारतानाही गडबडत नाही तिला पाणी सांडताना बघून आत्याला जास्तच रडू यायला लागलं.

आता रडू आलं की माणसं देवाचं नाव घेतात, चहा टाकतात, खिडकीबाहेर बघतात. आत्या रकाने भरते. शीटमध्ये शेवटचा रकाना रिकामा होता आणि अर्धवट चार्ट तिला डोळ्यांत खुपतो. ती बिट्टीला म्हणाली, तो अंगठ्याखालचा रकाना काय आहे तो वाच, जेवढं दिसतंय तेवढं. बिट्टी म्हणाली, जाऊ दे ना आता. आत्यानं डोळे वटारले. बिट्टीनं फोटो ताणून मोठा केला. मथळ्यात दिसत होतं ‘दुसरा ह’, आणि मग नख. खाली प्रत्येक ओळीत पहिला आकडा नखाबाहेर डोकावत होता, बाकीची रक्कम अंगठ्याच्या पोटात.

‘‘कॉम्प्युटरला पाच,’’ बिट्टीनं वाचलं. ‘‘अन्नप्रक्रियेला पाच. फर्निचरला चार.’’

आत्यानं टाइप केलं: पाच, पाच, चार. पुढे प्रश्नचिन्हं. मग सवयीनं शेजारी स्वतःचा हिशोब मांडला. दुसरा हप्ता म्हणजे दुसऱ्या सत्राचे पैसे, दुसरं काय असणार? वार्षिक आणि एकदाचे पहिल्याच वेळी भरून झालेले. म्हणजे तिच्या मते कॉम्प्युटरचा दुसरा हप्ता यायला हवा साठ हजार सातशे. अन्नप्रक्रियेचा चौसष्ट हजार तीनशे. फर्निचरचा बहात्तर हजार दोनशे.

सहा, सहा, सात.

फोटोत पाच, पाच, चार.

आत्या म्हणाली, थांब, परत वाच. बिट्टीनं परत वाचलं. भावजयीनं फोन हातात घेऊन वाचलं. पाच, पाच, चार. फर्निचरचा चार तर इतका स्वच्छ होता की त्याला सात म्हणणाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. कॉलेज दुसऱ्या सत्रात फर्निचरकडून चाळीस हजारांच्या घरातलंच काहीतरी घेतंय, आणि आत्या म्हणतेय बहात्तर. सगळ्यांत महागडा कोर्स दुसऱ्या हप्त्यात सगळ्यांत स्वस्त कसा?

आत्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. कुठला रकाना काढला की सात जाऊन चार होतो? लायब्ररी, साहित्य तर तिनं धरलेलंच नव्हतं. उरले ट्यूशन, परीक्षा, वर्कशॉप. सेहेचाळीस आणि अडीच, साडेअठ्ठेचाळीस. तिनं वर्कशॉप काढलं. अठ्ठेचाळीस हजार पाचशे, चार. अन्नप्रक्रिया एक्कावन्न पाचशे, पाच. कॉम्प्युटर चौपन्न पाचशे, पाच.

मग ती मथळ्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडावर लाली चढायला लागली. तिच्या ड्युटीच्या चार्टात वॉर्डाचं नाव डावीकडच्या पहिल्या चौकटीच्या डोक्यावर लिहितात, आणि पुढचं नाव येईपर्यंत सगळे रकाने त्याच वॉर्डाचे. वीस वर्षं ती तसंच लिहीत आणि तसंच वाचत आली होती. पण छापखान्यातला माणूस काही हॉस्पिटलात कामाला नव्हता. त्यानं प्रत्येक मथळा आपल्या रकान्यांच्या बरोबर मधोमध टाकला होता. ‘वार्षिक’ वर्कशॉप, लायब्ररी आणि साहित्य या तिघांचं होतं, म्हणून मधल्या लायब्ररीवर बसलं होतं. मधली रेघ ट्यूबलाइटनं खाल्ली, आणि आत्यानं वर्कशॉप उचलून सरळ शेजारच्या वॉर्डात भरती केलं. पहिला हप्ता जुळला यात काय नवल? पहिल्या हप्त्यात वर्कशॉप एकदाच येतं, ते सत्राचं धरा नाहीतर वर्षाचं. फरक पडतो तो फक्त दुसऱ्या हप्त्यात, आणि दुसऱ्या हप्त्यावर हिचा अंगठा.

तिनं वर्कशॉपच्या रकान्यातलं गुणिले दोन काढून टाकलं. शीट एकदा लुकलुकली. कॉम्प्युटर एक लाख वीस हजार दोनशे. अन्नप्रक्रिया एक लाख पंचवीस हजार आठशे. फर्निचर एक लाख चाळीस हजार सातशे.

बिट्टी स्क्रीनकडे बघत होती. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. भावजयीनं तीनही बेरजा बोटावर करून बघितल्या, मग फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितल्या, मग म्हणाली, ‘‘ताई, हे दीड लाखाच्या आत आहे.’’ आणि एवढं शांतपणे बोलून ती बाई टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन हसायला लागली. बिट्टीनं आत्याच्या गळ्यात मिठी मारली, इतकी घट्ट की आत्याचा चष्मा लॅपटॉपवर पडला आणि शीटच्या एका चौकटीत ‘घघघघघ’ असं काहीतरी उमटलं. ते पुसायचं कुणालाही सुचलं नाही. आत्या इतकी आनंदात होती की तिला स्वतःच्या चुकीचा राग यायलासुद्धा वेळ लागला.

तेवढ्यात बाल्कनीचं दार उघडलं.

छोटू आत आला. त्यानं तिघींकडे नीट बघितलंच नाही, नाहीतर त्याला कळलं असतं. रडणं आणि हसणं दुरून सारखंच दिसतं. तो भिंतीपाशी उभा राहिला आणि पाठ करून आल्यासारखं एका दमात बोलला, ‘‘हे बघा, रडारड बंद. मी साहेबांशी बोललोय. वर्षभर माझी साप्ताहिक सुट्टी मी कामावर काढणार. जादा पैसे मिळतात. वरचे चौदा हजार त्यात आरामात निघतात, पुढच्या वर्षांचं पुढे बघू. बिट्टी, तू फर्निचर लिही.’’

वर्षभराची सुट्टी. हा माणूस आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम करतो आणि एका दिवसावर जगतो, हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं? सकाळी ज्यानं एक छदाम जास्त नाही म्हणून सांगितलं, त्यानं दुपारी स्वतःचा एकुलता एक मोकळा दिवस विकून टाकला होता, आणि तेसुद्धा बाल्कनीत, दार लावून, कुणाला न विचारता. बिट्टी उठली आणि बापाच्या पोटावर डोकं ठेवून जी रडायला लागली ती थांबेना. छोटू बावचळला. अगं, मी हो म्हणतोय, मग रडतेस कशाला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

आत्याच्या डोळ्यांतूनही धारा लागल्या होत्या, पण सुट्ट्यांच्या बाबतीत तिचा स्वभाव कडक. हॉस्पिटलात एखादी नर्स सुट्टी सोडून काम मागायला आली तर आत्या तिला कारण विचारायची आणि घरी पाठवायची. तिनं लॅपटॉप उचलून भावाच्या नाकासमोर धरला आणि सगळं सांगितलं: ट्यूबलाइट, मधोमध मथळा, पाच, पाच, चार. छोटूनं ऐकलं. परत सांग म्हणाला. तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः पट्टी धरून फोटो वाचला, एकेका आकड्यावर बोट ठेवत, आणि फर्निचरच्या ओळीच्या शेवटी, अंगठ्याच्या कडेला, त्या चारवर येऊन थांबला.

‘‘म्हणजे माझ्या दीड लाखातच बसतंय?’’ त्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

‘‘नऊ हजार तीनशे उरतायत,’’ आत्या म्हणाली. ‘‘आता त्या साहेबांना परत फोन कर आणि तुझी सुट्टी परत घे. माझ्यासमोर कर.’’

छोटूनं मिशी पुसली. दुपारभर त्याला वाटत होतं की पोरीचं मन मोठं आणि आपली ऐपत छोटी, हे त्यानं नंतर बायकोला सांगितलं. आत्ता त्यानं नुसता फोन लावला. पलीकडून साहेबांचा वैतागलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला, की अरे बाबा, आत्ता तर सुट्टी नको म्हणालास, पाच मिनिटांत असं काय झालं? छोटूनं ताईकडे बघितलं. मग बिट्टीकडे बघितलं, ती एव्हाना टेबलाशी बसली होती, अर्ज पुढे ओढला होता आणि कोर्सच्या चौकटीत मोठ्या, गोल अक्षरांत लिहायलाही लागली होती. त्याला इतका आनंद झाला होता की तो गच्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या ताईचं गणित चुकलं.’’